स्क्रीनवर सोन्यासारखी हळद, खोक्यावर हिरवट. एआयची चित्रं छापायला देताना नेमकं काय चुकतं?

हळदवाली_सांगली
नमस्कार मंडळी, डोकं आउट झालंय म्हणून हा धागा काढतेय. आमचा घरगुती हळदीचा व्यवसाय आहे, राजापुरी हळद दळून विकतो. इतकी वर्षं साध्या पिशवीवर स्टिकर लावून चालत होतं, यंदा भाचीने मोबाइलवर एआयकडून एक झकास चित्र करून दिलं. तांब्याच्या वाटीत हळदीची रास, मागे एकदम झगझगीत जांभळा रंग. बघणारा प्रत्येकजण वा वा करत होता. म्हणून २०० ग्रॅमची हजार खोकी छापून घेतली आणि दुकानासमोर लावायला १० बाय ६ चा फ्लेक्सही.

खोकी आली आणि मी खालीच बसले. हळद हिरवट मळकी, चार वर्षं डब्यात पडल्यासारखी, आणि जांभळ्याचं पार वांगं झालंय. फ्लेक्सवर जांभळा निराळाच आणि वाटीच्या कडा शेवाळल्यासारख्या फुटलेल्या. प्रेसवाला म्हणतो फाइल तशीच होती, भाची म्हणते माझ्या मोबाइलवर बघ किती छान दिसतंय. दोघंही खरं बोलतायत असं वाटतंय. मग चुकलं कुठं? आणि पुढची हजार छापायच्या आधी मी काय करू?

कोरेल_किंग
ताई सोपं आहे. आरजीबी फाइल दिली असणार तुम्ही, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातली. सीएमवायके करायची, म्हणजे छपाईच्या चार शायांची, आकाशी सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा यलो आणि काळा. ३०० डीपीआय करायचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, विषय संपला.

राजवाडा_कट्टा
एआयला लिहायचं ना "सीएमवायकेमध्ये दे" म्हणून 😄

कोरेल_किंग
हसू नका, मी खरंच लिहून बघितलेलं. आरजीबीच आली फाइल, वर चित्रात शाईच्या चार बाटल्या काढून दिल्या.

कृष्णाकाठ_जुना
आधी मला सांगा, हळद तुमची खरी आहे ना? मग खोटं चित्र कशाला? वाटीभर हळद उन्हात ठेवा आणि फोटो काढा की. आमच्या वेळी हरिपूरला पेवं होती, जमिनीखाली हळद साठवायची, पेव उघडलं की जो रंग दिसायचा तो तुमच्या त्या यंत्राला सात जन्मात जमणार नाही.

हळदवाली_सांगली
काका पेवांबद्दल वेगळा धागा काढा ना, मी पहिली येते वाचायला. पण फोटो काढून हे सुटेल का?

मशीनवाला_मिरज
नाही सुटणार, फोटोलाही तेच होतं. बावीस वर्षं ऑफसेटवर उभा आहे ताई, तुमच्यासारखं खोकं महिन्यातून एकदा तरी बघतो.

मोबाइलचा पडदा उजेड फेकतो. कागद उजेड फेकत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड शाई थोडा गिळते आणि उरलेला परत पाठवते. त्यामुळे शाईचा रंग कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ कधीच होत नाही. झगझगीत निळा, जांभळा, पोपटी हे रंग पडद्यावर आहेत पण चार शाईत नाहीतच. फोटोशॉपमध्ये शुद्ध निळा घ्या, आरजीबी ०,०,२५५, आणि नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलने, म्हणजे ठरावीक शाई-कागदाच्या हिशोबाने, सीएमवायकेत बदला, सायन ८८ आणि मॅजेंटा ७७ येतं. दोन्ही शाया जवळपास सारख्या पडल्या की कागदावर निळं दिसत नाही, मळका जांभळा दिसतो. तुमचा जांभळा तसाच घसरून वांग्यावर गेलाय.

पण पिवळ्याचं कारण हे नाही. पिवळा शाईत चांगला येतो, हळदीचा रंग तर आरामात येतो. मॅजेंटा २५-३०, यलो १०० दिलं की हळद. मग तुमची हिरवट का झाली? घरात भिंग आहे का? खोक्यावरच्या हळदीच्या राशीवर धरा आणि काय दिसतं ते सांगा.

हळदवाली_सांगली
सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग आहे. थांबा.

...बघितलं. पिवळं तर आहेच, लाल बारीक ठिपके आहेत, आणि मधेमधे हिरवे ठिपके! रासीच्या डाव्या बाजूला जास्त.

मशीनवाला_मिरज
सापडला चोर. हिरवी शाई मशीनवर नसतेच. पिवळ्या थरावर सायनचा ठिपका पडला की भिंगातून हिरवा दिसतो. आता चित्र उघडून बघा, जांभळा उजेड कुठल्या बाजूने येतोय? डावीकडून असणार. एआय चित्र काढताना मागच्या रंगाची झाक पुढच्या वस्तूवर टाकतं, खऱ्या उजेडासारखं दिसावं म्हणून. तुमच्या राशीवर निळसर जांभळी झाक पडलीय. पडद्यावर ती श्रीमंत दिसते, पण सेपरेशन होताना, म्हणजे चित्राची चार शायांत फोड होताना, त्याच झाकेचा सायन होतो. आणि पिवळ्यात सायन ८-१० टक्के जरी गेला तरी डोळा लगेच हिरवट म्हणतो. दुसऱ्या कुठल्या रंगात दहा टक्क्यांनी एवढा बोभाटा होत नाही, पिवळा फार नाजूक मानपानाचा आहे.

पोवईनाका
साताऱ्याहून. माझंही गाऱ्हाणं ऐकून घ्या. आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर भगवा एआयने असला भारी दिला होता, छापून आला तर टोमॅटो. विसर्जनापर्यंत पोरं मला "केचप" म्हणत होती. ह्यातही सायन का?

फ्लेक्सभाऊ
नाही, तुमच्यात मॅजेंटा जास्त. पडद्यावरचा भगवा सरळ बदलला की मॅजेंटा ७०च्या वर जातो, आणि मशीनच्या यलो हेडचे एकदोन नोझल चोंदलेले असले की यलो कमी पडतो, मग केचपच. मी भगव्याला मॅजेंटा ५५ ते ६०, यलो १००, सायन आणि काळा शून्य असं हाताने भरतो. आणि छापायच्या आधी नोझल चेक काढायला सांगत जा, चार रंगांच्या बारीक रेघा येतात, पिवळ्याच्या रेघेत तुटक दिसलं की त्या दिवशी भगवा नको.

पोवईनाका
पिवळी रेघ पांढऱ्यावर दिसते तरी का भाऊ

फ्लेक्सभाऊ
तेच तर दुखणं आहे 😀 निळ्या उजेडात धरली तर उठून दिसते. मी मोबाइलवर कोरा निळा फोटो लावून धरतो.

हळदवाली_सांगली
मशीनवाले दादा, मग सायन काढायचा कसा? कोरेल किंग म्हणतात तसं नुसतं सीएमवायके करून झालं नाही का?

मशीनवाला_मिरज
किंग अर्धं बरोबर बोलले. सीएमवायके करावंच लागतं, पण ते रंग दुरुस्त करत नाही, जसं आहे तसं भाषांतर करतं. दुरुस्ती आपण करायची.

पहिलं, चित्र फोटोशॉपमध्ये उघडलं की आधी `Ctrl+Y` दाबा. `Proof Colors` चालू होतं आणि छापल्यावर अंदाजे काय दिसेल ते पडद्यावरच दिसतं. `View > Proof Setup` मध्ये प्रेसने सांगितलेलं प्रोफाइल निवडलेलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच गावचा अंदाज मिळतो. हे जर भाचीने आधी केलं असतं तर वांगं घरीच दिसलं असतं. मग `Edit > Convert to Profile`. त्याच मेनूत वर `Assign Profile` आहे, त्याला हात लावू नका, तो आकडे तसेच ठेवून नुसता अर्थ बदलतो.

दुसरं, `Info` ची खिडकी उघडी ठेवून कर्सर हळदीवर फिरवा. मला अंदाज आहे तुम्हाला उजळ भागात सायन ८-९ दिसेल. तिथे तो शून्य ते दोन पाहिजे. `Image > Adjustments > Selective Color` मध्ये `Yellows` निवडा, खाली `Relative` ठेवा आणि सायन उणे ८०च्या आसपास न्या. हळद डोळ्यांदेखत उजळते.

पण सावलीतला सायन सगळा खरवडू नका. एका मसालेवाल्याच्या पोराने तसं केलं, मिरची हळद सगळं सपाट, भिंतीवर डिस्टेंपर मारल्यासारखं. राशीच्या खोलगट भागात थोडा सायन आणि काळा राहिला तरच ती रास दिसते.

कोरेल_किंग
मान्य. पण ३०० डीपीआयचं तरी बरोबर ना?

फ्लेक्सभाऊ
किंग, तुम्ही डीपीआयच्या चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिता का?

कोरेल_किंग
हो मग

फ्लेक्सभाऊ
मग काही झालं नाही. त्याने चित्रातले पिक्सेल वाढत नाहीत, नाहीतर नुसते ताणले जातात. ताई तुमचं चित्र किती पिक्सेलचं आहे?

हळदवाली_सांगली
भाचीला विचारलं. खोक्याचं १०२४ बाय १५३६. फ्लेक्ससाठी तेच आडवं परत करून घेतलं होतं, १५३६ बाय १०२४. पुढचा पॅनल १० बाय १५ सेंटीमीटर आहे.

फ्लेक्सभाऊ
मग खोक्याला फार अडचण नव्हतीच. चारी बाजूला ३ मिलिमीटर कटिंगला धरा, म्हणजे रुंदी १०.६ सेंटीमीटर, साधारण ४.१७ इंच. १०२४ भागिले ४.१७, इंचाला २४५ पिक्सेल. ३०० नाही पण खोक्याला चालून जातं, दुप्पट मोठं करून घेतलं तर उत्तमच.

फ्लेक्स बघा. १० फूट म्हणजे १२० इंच. १५३६ भागिले १२०, इंचाला जेमतेम १३ पिक्सेल. एकेक पिक्सेल जवळपास २ मिलिमीटरचा, म्हणून कडा फुटल्या. शेवाळ म्हणताय ते जेपीजीचे चौकोन आहेत, फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून गेली असणार. डॉक्युमेंट म्हणून पाठवायची असते. आता एआय अपस्केलरने चौपट करा, ६१४४ पिक्सेल होतात, इंचाला ५१. रस्त्यावरून बघायच्या फ्लेक्सला तेवढं पुष्कळ. दुकानाच्या दारात दोन हातांवर लावणार असाल तर ७० कडे न्या. ३०० चा हट्ट फ्लेक्सला कुणी करू नका, फाइल उघडेपर्यंत चहा होतो माझा.

एक मात्र, अपस्केलर हळदीच्या पावडरीला कधीकधी वाळूसारखे दाणे काढतो. मोठं करून झालं की १०० टक्के झूमवर एकदा सगळीकडून फिरून या.

नवीनच_आलोय
माझ्या घरच्या प्रिंटरवर लग्नपत्रिका हिरवट येते तेही सायनमुळे का? काट्रिज रिफिल केलेलं आहे.

राजवाडा_कट्टा
लग्न कुणाचं आहे त्यावर आहे

मशीनवाला_मिरज
रिफिलची शाई वेगळी असली की प्रिंटरचे सगळे हिशोब चुकतात, किंवा मॅजेंटाचं हेड चोंदलं असेल. हेड क्लीनिंग करून बघा. पण तो ह्या धाग्याचा विषय नाही, इथे चार फाटे आधीच फुटलेत.

हळदवाली_सांगली
फ्लेक्सभाऊ, फ्लेक्सला फाइल सीएमवायके द्यायची ना मग?

फ्लेक्सभाऊ
नाही. मला आरजीबीच द्या. माझ्या मशीनचं सॉफ्टवेअर स्वतः बदल करतं, त्यात माझ्या शाईचं आणि माझ्या फ्लेक्सच्या कापडाचं प्रोफाइल आहे. तुम्ही ऑफसेटच्या हिशोबाने आधीच सीएमवायके करून आणलं की जांभळा एकदा तिकडे मेला आणि परत माझ्याकडे मेला.

मशीनवाला_मिरज
भाऊ तुमच्याकडे प्रोफाइल आहे म्हणून. निम्म्या फ्लेक्सवाल्यांकडे मशीन बसवलं त्या दिवशीचंच सेटिंग आहे, शाई तीनदा बदलली तरी. तिथे आरजीबी दिली की नशिबावर. मी तर सीएमवायके आकडे देतो आणि ते जसेच्या तसे छापा म्हणतो.

फ्लेक्सभाऊ
जसेच्या तसे छापले तर चार दुकानांत चार भगवे येतील.

मशीनवाला_मिरज
आरजीबी देऊनही चारच येतात!

पोवईनाका
दोघांचं चालू द्या, मी पाणी आणतो.

फ्लेक्सभाऊ
ताई भांडण सोडा. दोन्ही फाइलींमधून फूटभराची पट्टी छापून घ्या, ज्यात हळद आणि मागचा रंग दोन्ही येतील. पट्टी खऱ्या साइजमधली कापायची, अख्खं चित्र लहान करून नाही, नाहीतर कडा कशा फुटतात ते कळणार नाही. दोन स्क्वेअर फुटाला चहाच्या पैशाएवढा खर्च. बाहेर उन्हात नेऊन बघायची, दुकानातल्या ट्यूबखाली नाही.

कृष्णाकाठ_जुना
एक विचारू का? जांभळाच कशाला हवा? हळदीमागे आमच्याकडे केळीचं पान असायचं.

मशीनवाला_मिरज
काका आज लाखमोलाचं बोललात. तो निळसर जांभळा चार शाईत येणारच नाही, पाचवी खास शाई लावली तर येईल पण हजार खोक्यांसाठी वेगळी प्लेट आणि मशीन धुणं परवडत नाही. जांभळाच हवा असेल तर झळाळी विसरा आणि पिकलेल्या जांभळाकडे जा, सायन ६५, मॅजेंटा ९५. निळ्याकडे जायचं तर मॅजेंटा सायनपेक्षा तीसेक टक्के कमी, १०० ला ७० असं. किंवा केळीचं पान, पण तेही एआयने पोपटी रेडियमसारखं काढलं तर परत तेच. गर्द हिरवं सांगा. आणि एक फायदा असा की मागचा रंग बदलून चित्रच नव्याने करून घेतलं तर राशीवरची जांभळी झाकही जाईल, निम्मी दुरुस्ती तिथेच वाचते. "साधा पांढरा दिवसाचा उजेड, पार्श्वभूमीची झाक वस्तूवर नको" असं सांगून बघायला सांगा भाचीला.

हळदवाली_सांगली
आणि हो, मागच्या बाजूची बारीक अक्षरं, वजन, पत्ता वगैरे, ती पण धुरकट आलीत. ती काही एआयने काढली नव्हती, एआयने काढलेलं "हळद" तर "हळढ्द" असं होतं, ते आम्ही पुसलं.

कोरेल_किंग
ह्याचं मी सांगतो, हे मला पक्कं माहितीय. अक्षरं फोटोशॉपमध्येच लिहिलीत आणि काळा आरजीबीचा घेतलात. बदलल्यावर त्याचा काळा चारही शायांचा होतो, सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, काळा ९०. चार प्लेटी केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली येते. अक्षरं कोरेलमध्ये घ्या, नुसता काळा १००, बाकी शून्य, आणि देताना कर्व्ह करून, अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून द्या म्हणजे प्रेसकडे फाँट नसला तरी वेलांटी उडत नाही.

मशीनवाला_मिरज
किंग, घ्या टाळी.

हळदवाली_सांगली
धागा वर काढतेय. तीन आठवड्यांनी.

भाचीकडून चित्र नव्याने करून घेतलं, मागे गर्द हिरवं पान, साधा उजेड. पिवळ्यावर सायन ४ आला, तो उतरवून १ केला. प्रेसवाल्याला ह्या वेळी त्याच बोर्डावर एक नमुना काढायला लावला, तो म्हणाला डिजिटलवरचा नमुना ऑफसेटला शंभर टक्के जुळणार नाही, पण हिरवट आहे का एवढं तरी कळेल. कळलं. खोकी आली, हळद हळदीसारखी आहे. फक्त मोबाइलवर दिसते त्यापेक्षा थोडी शांत आहे.

मॅट लॅमिनेशन केलंय, त्याने अजून थोडा अंधार पडला असं वाटतंय, की माझा भ्रम?

मशीनवाला_मिरज
भ्रम नाही. मॅट रंग दाबतं, ग्लॉस उचलतं. पिवळ्या मालाला मी ग्लॉसच सांगतो, पण आजकाल सगळ्यांना मॅटच हवं.

फ्लेक्सभाऊ
आणि पट्ट्यांचं काय झालं? आरजीबी की सीएमवायके?

हळदवाली_सांगली
पानाला आरजीबी चांगली आली, हळदीला सीएमवायके 🙏 शेवटी सीएमवायकेच छापला, हळद विकायचीय, पान नाही.

फ्लेक्सभाऊ
छापला कुणाकडे ते सांगा आधी, मग बोलू.

पोवईनाका
लावताना ऊन कुठल्या बाजूचं आहे बघा ताई. आमचा फ्लेक्स पाऊस-उन्हात दोन महिन्यांत गुलाबी-पिवळं सोडून निळसर राखाडी झाला. तुमची हळद परत हिरवी व्हायची.

हळदवाली_सांगली
पश्चिमेचं आहे. आता काय करू?

राजवाडा_कट्टा
दुकान फिरवा